इंग्रजी शाळेच्या प्रगतीपुस्तकातले शेरे: पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पालकांकडून पहिल्या सत्राचा निकाल लागला की प्रगतीपुस्तकाचे फोटो येऊ लागतात. गुणांबद्दल फारसं कोणी विचारत नाही, ते सगळ्यांना वाचता येतात. अडतं ते खालच्या दोन ओळींवर. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरीच वर्षं असेच शेरे लिहिण्यात गेली, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या बाजूने काय घडतं तेही उत्तरांत आलं आहे.

१. हे शेरे कोण लिहितं? प्रत्येक मुलाचा विचार करून लिहितात का?

वर्गशिक्षिका लिहितात. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, पेपर तपासून झालेले, गुण चढवायचे बाकी, आणि निकालाची तारीख ठरलेली. अशा वेळी प्रत्येक मुलासाठी नवीन वाक्य सुचत नाही. म्हणून बहुतेक शिक्षकांकडे तयार वाक्यांची एक यादी असते. कोणाकडे ती जुन्या वहीत असते, कोणाकडे शाळेच्या संगणकात, तिथून नुसतं निवडायचं. यात फसवणूक काही नाही. वाक्य तयार असलं तरी साठ-सत्तर वाक्यांतून तुमच्या मुलासाठी हेच का निवडलं, यात माहिती असते.

या शेऱ्यांची एक ठरलेली चालही असते. आधी एक गोड वाक्य, मग 'बट' किंवा 'हाउएव्हर', मग खरं म्हणणं, आणि शेवटी 'कीप इट अप' किंवा 'ऑल द बेस्ट'. घाईत असाल तर 'बट'च्या पुढचं तेवढं वाचा.

मराठी माध्यमाच्या पालकांना हे अवघड जातं, कारण आपल्याकडच्या वर्णनात्मक नोंदींत वेगवेगळे रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. कौतुक एका जागी, तक्रार दुसऱ्या जागी. इंग्रजी शाळेच्या कार्डावर तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कालवलेल्या असतात, आणि घरच्यांच्या नजरेत आधी कौतुकच भरतं.

२. 'नीड्स टु अप्लाय हिमसेल्फ' असं लिहिलंय. म्हणजे मुलगा आळशी आहे का?

देवगडहून एका आजीने हाच प्रश्न नातीकरवी पाठवला होता: "आमचो झील आळशी आसा काय?" सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

या शेऱ्यात शिक्षिका दोन गोष्टी सांगत असतात. मुलाची कुवत आहे, ही पहिली. ती कामात उतरत नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट पालकांच्या लक्षातच येत नाही. ज्याला विषय झेपतच नाही असं शिक्षिकेला वाटतं, त्याच्यासाठी हे वाक्य निवडलं जात नाही. त्याच्यासाठी वेगळं वाक्य असतं, त्याबद्दल प्रश्न ५ पाहा. तेव्हा कुठेतरी, एखाद्या तोंडी उत्तरात किंवा एखाद्या प्रकल्पात, या मुलाने चमक दाखवलेली असते, आणि मग वही उघडली की अर्धी कोरी.

पण शिक्षिकेला दिसतं ते एवढंच: अपुरी वही, न झालेला गृहपाठ, तासाला खिडकीबाहेर लागलेली नजर, पेपरात सोडलेले प्रश्न. असं का होतंय ते तिला दिसलेलं नसतं. चाळीस मुलांत ते दिसणं कठीणही असतं. म्हणून हा शेरा कारण म्हणून वाचू नका. लक्षण म्हणून वाचा.

या लक्षणामागे साधारण चार कारणं सापडतात. प्रश्नाचं इंग्रजीच कळत नाही. फळ्यावरचं दिसत नाही किंवा शिक्षकांचं नीट ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वीचा एखादा पाया कच्चा राहिलाय आणि आता त्यावरचं काहीच उभं राहत नाही. किंवा मुलाला खरंच करायचं नाहीये. आळशीपणा फक्त शेवटच्या कारणात बसतो, पण घरोघरी उपाय त्याच एका कारणावर होतो: क्रिकेट बंद, मोबाईल काढून घेतला, संध्याकाळची शिकवणी लावली. पहिल्या तीन कारणांत या उपायाने मूल फक्त दमतं.

एक गोष्ट अजून. इंग्लंडमधल्या बऱ्याच शाळांच्या कार्डांवर प्रत्येक विषयापुढे दोन श्रेण्या असतात, एक कामगिरीची आणि एक प्रयत्नांची. तिथे हा शेरा आला की शेजारची प्रयत्नांची श्रेणी पाहून पडताळा घेता येतो. आपल्याकडच्या शाळांनी वाक्य उचललं, तो रकाना मात्र बहुतेकांच्या कार्डावर नाही. त्यामुळे पडताळा पालकांनाच करावा लागतो.

३. मग खरं कारण घरच्या घरी कसं शोधायचं?

उत्तरपत्रिका मागून. प्रगतीपुस्तकावरची बेरीज पाहून काही कळत नाही, ती बेरीज कशाकशाची आहे ते पाहावं लागतं. एक उदाहरण सविस्तर देतो. ओळख कळू नये इतपत बदल केले आहेत.

गुहागर तालुक्यातला पाचवीतला मुलगा. चौथीपर्यंत वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, तिथे हुशार म्हणून नावाजलेला. पाचवीला इंग्रजी माध्यमात घातला. पहिल्या सत्रात गणितात ५० पैकी ३०, म्हणजे 'सी वन' श्रेणी, आणि शेरा: 'ब्राइट बॉय, बट नीड्स टु अप्लाय हिमसेल्फ.' वडील मुंबईला नोकरीत. त्यांनी फोनवरूनच शिकवणीचा हुकूम सोडला.

आईने शाळेत जाऊन गणिताची उत्तरपत्रिका पाहायला मागितली आणि गुण तीन ढिगांत वेगळे केले. नुसत्या आकड्यांची उदाहरणं, म्हणजे बेरीज, गुणाकार, अपूर्णांक: २२ पैकी २०. भूमितीच्या आकृत्या: १० पैकी ७. शाब्दिक उदाहरणं: १८ पैकी ३, आणि त्यातली बहुतेक चुकलेली नव्हती, कोरी होती.

ज्याला करायचंच नाही त्याचा पेपर असा दिसत नाही. आळस सगळ्या ढिगांत थोडाथोडा सांडलेला असतो. कंटाळलेला मुलगा सोप्या बेरजेतही हातचा विसरतो, आकृतीला नावं द्यायची सोडतो. इथे नुकसान एकाच जागी होतं.

मग आईने पेपरातलंच एक उदाहरण मराठीत वाचून दाखवलं. एका पेटीत ४ डझन आंबे, अशा १५ पेट्या, त्यातले ३६ आंबे खराब निघाले, तर चांगले किती? मुलाने ४ गुणिले १२ गुणिले १५ करून ७२० काढले, त्यातून ३६ वजा केले आणि ६८४ सांगून मोकळा झाला. तेच उदाहरण इंग्रजीतून समोर ठेवलं तर पेन्सिल चावत बसला. 'ईच', 'रिमेनिंग', 'इन ऑल', 'शेअर्ड इक्वली', 'हाउ मेनी मोअर' हे शब्द त्याला अडवत होते. गणित येत होतं.

शिकवणीऐवजी मग गणिताच्या प्रश्नांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा वीसेक शब्दांची यादी झाली. प्रत्येक शब्दासमोर करायची क्रिया लिहिली: 'रिमेनिंग' दिसलं की वजाबाकीचा विचार, 'शेअर्ड इक्वली' दिसलं की भागाकाराचा. रोज दोन उदाहरणं मोठ्याने वाचायची आणि सोडवण्याआधी काय विचारलंय ते मराठीत सांगायचं. पुढच्या घटक चाचणीत आईने एकूण गुण आधी पाहिले नाहीत, कोरी किती ते मोजलं. कोरी थांबली होती. उत्तरं सगळी बरोबर नव्हती, पण प्रत्येक उदाहरणाला हात घातलेला होता.

या युक्तीला मर्यादा आहेत. शब्दावर क्रिया ठरवण्याची सवय पुढे फसवते, कारण 'मोअर' दिसूनही वजाबाकी करावी लागणारी उदाहरणं असतात. सुरुवातीची काठी म्हणून यादी वापरायची, मग सोडायची. विज्ञान आणि इतिहासात तर वीस शब्दांनी भागतही नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलेला फरक इथे लक्षात ठेवावा: बोलण्यापुरती दुसरी भाषा मुलं साधारण दोनेक वर्षांत उचलतात, पण पुस्तकातली आणि पेपरातली भाषा बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. पाचवीला माध्यम बदललेल्या मुलाने सहामाहीतच त्या भाषेत विचार करावा, ही अपेक्षाच चुकीची.

मराठीत वाचूनही उदाहरण जमलं नाही तर पाया कच्चा आहे, मागच्या दोन इयत्तांची पुस्तकं काढा. पुस्तकातून उतरवलेलं नीट आणि फळ्यावरून उतरवलेलं अर्धवट किंवा चुकीच्या आकड्यांचं असेल तर आधी डोळे तपासून घ्या. आणि तिन्ही ढिगांत सारखीच पडझड असेल, मराठीतही सोडवायचा कंटाळा असेल, तर शिक्षिकेचं म्हणणं सरळ अर्थाने खरं आहे.

४. 'कॅन डू बेटर', 'केपेबल ऑफ मच मोअर', 'मस्ट वर्क हार्डर' हे सगळं एकच ना?

एकाच कुळातले, पण तीव्रता वेगळी. 'कॅन डू बेटर' सगळ्यात सौम्य आणि सगळ्यात निरुपयोगी, कारण ते कोणालाही लागू पडतं. पंचाऐंशी टक्केवाल्यालाही. 'केपेबल ऑफ मच मोअर' लिहिताना शिक्षिकेच्या डोळ्यासमोर काहीतरी ठोस असतं, ते काय ते जरूर विचारा. 'मस्ट' आलं की समजावं, तोंडी दोनदा सांगून झालेलं आहे, बहुधा डायरीतही लिहून पाठवलं होतं आणि घरून सही आली नाही. 'नीड्स टु' हे 'शुड' आणि 'मस्ट'च्या मधलं. कारणांसाठी प्रश्न २ आणि ३ इथेही तसेच लागू.

५. माझ्या मुलीला 'ट्राइज हार्ड' मिळालंय. हे तरी चांगलंच ना?

शेजारचे गुण पाहून ठरवा. गुण चांगले असतील तर शेरा म्हणतो तेच खरं. गुण सतत कमी असतील, तर या सगळ्या शेऱ्यांत मी सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा हाच. 'अप्लाय हिमसेल्फ'मध्ये शिक्षिका म्हणते की जमतंय पण करत नाही. इथे ती म्हणते की करतेय पण जमत नाही. पालक मात्र पहिल्याला घाबरतात आणि दुसऱ्यावर खूश होतात.

अशा मुलीला अजून मेहनत कर म्हणणं म्हणजे तिची थट्टाच. तिची शिकण्याची अडचण कुठे आहे ते पाहायला हवं. वाचताना ओळ सुटते का? तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात का? घड्याळ, पाढे, उजवं-डावं यांत वयाच्या मानाने फार गोंधळ आहे का? हे एकाच वेळी आणि बराच काळ दिसत असेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि अधिकृत प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तपासणीआधी एक पडताळा मात्र मराठीतून घ्या. मराठी वाचनात काहीच अडचण नसेल, फक्त इंग्रजीत असेल, तर बहुधा प्रश्न ३ मधली गोष्ट आहे.

६. 'वर्क्स वेल विथ अदर्स' म्हणजे नेमकं काय? कौतुक आहे की टोलवाटोलवी?

दोन्ही असू शकतं, आणि कुठलं ते ओळखण्याची खूण त्या वाक्याच्या शेजारी असते.

हे वाक्य अभ्यासाबद्दल काहीच म्हणत नाही. ते वागणुकीबद्दल आहे: गटात भांडत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबतो, दुसऱ्याचं ऐकतो, सामान वाटून घेतो. पहिली-दुसरीच्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि त्या वयात हा शेरा मनापासूनचा असतो. एकुलतं एक मूल किंवा आजी-आजोबांच्या लाडात वाढलेलं मूल शाळेत रुळलं की नाही, याचं ते सरळ उत्तर आहे. तिथे खोलात शिरू नका.

सातवी-आठवीत हेच वाक्य एकटं आलं तर मात्र पाहावं. शिक्षिकेला काही चांगलं लिहायचंय आणि विषयांतलं काही हाती लागत नाही, तेव्हा स्वभावाचा आधार घेतला जातो. 'प्लेझंट', 'पोलाइट', 'हेल्पफुल', 'वेल मॅनर्ड' ही त्याच घरातली मंडळी. चार ओळींत चारही गुण स्वभावाचेच आणि एकही विषयाचा नाही, असं असेल तर विषयाबद्दल न लिहिणं हाच शेरा समजा.

एक तिसरा प्रकारही आहे, आणि तो शिक्षकच सहसा बोलून दाखवतात. काही मुलं गटात छान काम करतात कारण गट त्यांना ओढून नेतो. प्रकल्पाचा तक्ता सुबक, विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल सुंदर, पण मॉडेलबद्दल याला एकट्याला विचारलं तर मित्राकडे बघतो. हे कार्डावरूनही बरंचसं कळतं. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम यांचे गुण वेगळे असतात आणि संकलितमध्ये लेखी परीक्षेचे वेगळे. उपक्रमात २० पैकी १८-१९ आणि लेखीत सतत निम्म्याच्या आत, अशी दरी दिसली तर दोन शक्यता राहतात. एकतर मूल हाताने आणि तोंडाने शिकणारं आहे आणि लिखाण त्याला अडवतंय, किंवा गटातलं काम दुसऱ्याचं आहे. घरी एक प्रकल्प त्याच्याकडून समजून घ्या: हे कसं चालतं, इथे तार का जोडली, नसती जोडली तर काय झालं असतं? धडाधड सांगितलं तर पहिली शक्यता. "ते अमक्याने केलं" असं उत्तर आलं तर दुसरी.

उलट बाजूही सांगतो. 'प्रेफर्स टु वर्क इंडिपेंडंटली' वाचून पालक खूश होतात, मुलगा स्वावलंबी आहे म्हणून. कधीकधी तसं असतंही. पण बरेचदा त्या वाक्याचा अर्थ असा असतो की गटात घेतलं की भांडण होतं, म्हणून त्याला वेगळं बसवावं लागतं. किंवा त्याला कोणी गटात घेत नाही, आणि हे जास्त वाईट. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातो, एवढं विचारा.

७. घरी तोंडाचा पट्टा चालू असतो आणि कार्डावर 'क्वायट, नीड्स टु पार्टिसिपेट मोअर'. असं कसं?

कोकणात हा शेरा फार येतो आणि त्याचं कारण बरेचदा साधं असतं. घरी मालवणी, शेजारी मालवणी, बाजारात मालवणी. पुस्तकी मराठीसुद्धा शाळेतच भेटते आणि त्यावर इंग्रजी. मूल गप्प नसतं, वाक्य मनात जुळवत असतं. जुळेपर्यंत दुसऱ्याने उत्तर दिलेलं असतं.

कसं ओळखायचं? मराठीच्या किंवा खेळाच्या शिक्षकांना विचारा. त्यांच्या तासाला बोलत असेल तर हा इंग्रजीचा संकोच आहे. वर्गशिक्षिकेला एकच विनंती करा: प्रश्न विचारल्यावर थोडं जास्त थांबा, आणि उत्तर कळलंय पण शब्द सापडत नाही असं वाटलं तर मराठीत सांगू द्या. सगळ्याच तासांना गप्प असेल, मधल्या सुट्टीतही, तर मामला भाषेचा नाही. आधी कान तपासा. मग वर्गात कोणी चिडवतं का ते पाहा. बोलण्याच्या ढंगावरून चिडवलेली मुलं पटकन मिटून जातात आणि घरी सांगत नाहीत.

८. 'टॉकेटिव्ह', 'लाइव्हली', 'इझिली डिस्ट्रॅक्टेड'?

पहिल्या दोन्हींचा अर्थ तासाला बोलतो, दुसरं थोडं प्रेमाने लिहिलेलं. 'इझिली डिस्ट्रॅक्टेड' असेल तर कोणाशेजारी बसतो ते विचारा, निम्म्या वेळा जागा बदलली की शेरा बदलतो. बाकी प्रश्न ३.

९. वाडीतल्या दुसऱ्या मुलाच्या कार्डावरही हुबेहूब तेच वाक्य आहे. मग याला काय अर्थ?

दोघांचे तसेच दोष असू शकतात, पण पाच-सहा कार्डांवर एकच वाक्य असेल तर यादीतून सरसकट उतरवलंय. मुलीच्या कार्डावर 'हिमसेल्फ' दिसलं तर शंकाच नको. अशा वेळी शेरा बाजूला ठेवा, त्यात माहिती नाही, आणि भांडायलाही जाऊ नका. विषयवार गुण घेऊन विषयशिक्षकांना भेटा. गणिताच्या सरांना तुमचा मुलगा वर्गशिक्षिकेपेक्षा वेगळा माहीत असतो.

१०. गुण 'ए टू', तरी 'नीड्स टु अप्लाय हरसेल्फ'. ८५ टक्क्यांत काय कमी आहे?

शेरा वर्गाशी तुलना करून लिहिलेला असतोच असं नाही, बरेचदा तो मुलीची तिच्याच कुवतीशी तुलना असतो. शिक्षिकेला वाटतं की ही न अभ्यासता ८५ काढतेय. हे खरंही असतं: पाचवी-सहावीपर्यंत स्मरणशक्तीवर निभावून जातं, आठवीत बीजगणित आणि लांब उत्तरं आली की पहिल्यांदा घसरण दिसते, तोवर बसून अभ्यास करायची सवय लागलेली नसते. हा शेरा चांगल्या गुणांबरोबर आला तर तो वेळेवर मिळालेला इशारा आहे. पण 'ए टू' म्हणजे ८१ ते ९०, आणि काही शाळांत 'ए वन'च्या खालच्या प्रत्येकाला हे वाक्य चिकटवायची पद्धत आहे. ते कसं ओळखायचं, प्रश्न ९ पाहा.

११. गणपतीत गावभर फिरला, पावसात एसटी बंद होती. 'इन्कन्सिस्टंट' हा शेरा त्यामुळे असेल का?

असू शकतो, आणि तपासणं सोपं आहे. कार्डावर उपस्थितीचा रकाना असतो, महिन्यागणिक. जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता खचला, साकवावरून पाणी गेलं म्हणून किती दिवस बुडाले, गणपतीला सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे किती गेले, ते मोजा. मग त्या दिवसांत कोणते धडे झाले ते वर्गातल्या मुलाच्या वहीवरून काढा आणि पेपरातल्या चुका तिथेच आहेत का ते पाहा. चुका बुडालेल्या धड्यांतच असतील तर मुलगा नियमित आहे, वह्या पूर्ण करून घेतल्या की झालं. चुका हजर असलेल्या धड्यांतही असतील तर शेरा त्याच्या कामाबद्दल आहे. शिक्षिका गावातलीच असेल तर तिला पावसाचं सांगावं लागत नाही. बदलून आलेली असेल तर सांगा.

१२. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा शेरा ताडून पाहावा का?

जरूर. एकट्या शेऱ्यापेक्षा दोन कार्डं शेजारी ठेवल्यावर जास्त कळतं. लहान शब्द पाहा: 'समटाइम्स'चं 'ऑफन' झालं का, 'विथ हेल्प' गेलं का, 'बिगिनिंग टु' येऊन पुढच्या सत्रात त्याचं काय झालं. आणि गळलं काय तेही पाहा. तीन वर्षं 'रीड्स वेल' असायचं आणि यंदा वाचनाचं नावच नाही, तर विचारायला हवं. शिक्षिका बदलली असेल तर मात्र सावध: एखादीचा हात सैल असतो, एखादीचा आखडता.

१३. पालक सभेला आई किंवा आजीच जाते, इंग्रजी येत नाही. काय विचारायचं?

मराठीत विचारायचं. शेरा इंग्रजीत लिहिणारी शिक्षिका स्टाफरूममध्ये मराठीतच बोलते. तीन प्रश्न पुरतात. हे तुम्हाला नेमकं कोणत्या विषयात आणि कशात दिसलं, एखादी वही दाखवाल का? हे सगळ्याच तासांना होतं की ठरावीक? आणि पुढच्या दोन महिन्यांत काय दिसलं तर तुम्ही हा शेरा बदलाल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. "गृहपाठ आठवड्यातून चार दिवस पूर्ण" असं काही उत्तर मिळालं तर घरी करण्याजोगं काम हाती आलं. "लक्ष दिलं पाहिजे" एवढंच मिळालं तर पुन्हा नम्रपणे विचारा, कशात ते.

वडील मुंबईत असतील तर त्यांना कार्डाच्या फोटोबरोबर ही उत्तरंही पाठवा. नुसता फोटो गेला की फोनवर मुलाची झडती होते, आणि झडतीत मूल सांगत काहीच नाही.

१४. या शेऱ्यांचा पुढच्या प्रवेशावर परिणाम होतो का?

प्रगतीपुस्तकातला शेरा पुढे जात नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती आणि वर्तणूक असे रकाने असतात, तिथे बहुतेकांना 'गुड'च मिळतं. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो.

१५. शेरा मुलाचं भविष्य ओळखतो का? शिक्षिका म्हणतात, याला विज्ञान झेपणार नाही.

शेऱ्यात दोन प्रकारची वाक्यं असतात: जे दिसलं ते आणि जे होईल असं वाटलं ते. पहिल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दुसऱ्यावर नको. इंग्लंडमधल्या ईटन शाळेत १९४९ साली जॉन गर्डन या मुलाच्या जीवशास्त्राच्या शेऱ्यात लिहिलं होतं की काम निकृष्ट आहे, ऐकत नाही, आपल्याच पद्धतीने करायचा हट्ट धरतो, आणि याने शास्त्रज्ञ व्हायचा विचार करणं हास्यास्पद आहे. २०१२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही गोष्ट सांगून पालक शिक्षकांना खोटं पाडतात, ते मात्र बरोबर नाही. त्या मुलाचे गुण खरंच तळाचे होते, शिक्षकाने पाहिलेलं चूक नव्हतं. चुकलं ते फक्त भाकीत. तुमच्या कार्डावरही ही दोन वाक्यं पेन्सिलने वेगळी करा.

१६. शेरा चुकीचाच आहे. बदलून मागता येतो का?

नाव, लिंग, उपस्थिती किंवा गुण चुकले असतील तर लेखी अर्ज द्या, ते दुरुस्त करून मिळायला हवं. मत पटलं नाही म्हणून शेरा बदलून मागितलात तर मुख्याध्यापक शिक्षिकेच्या पाठीशी उभे राहतील, आणि पुढच्या सत्रापासून तुमच्या मुलाच्या कार्डावर कोणी काही खरं लिहिणार नाही. त्यापेक्षा उत्तरपत्रिका आणि वही घेऊन जा, प्रश्न ३ मधल्यासारखे ढीग करून दाखवा. पुरावा समोर आला की बहुतेक शिक्षिका स्वतःच पुढच्या सत्रात वेगळं लिहितात.

१७. शेऱ्याच्या जागी फक्त 'गुड' आहे. किंवा काहीच नाही.

'गुड' म्हणजे यादीतलं सगळ्यात आखूड वाक्य. मूल त्रास देत नाही, मागे पडलेलं नाही, पुढेही नाही. वर्गाच्या मधल्या बाकांवरची ही मुलं शिक्षकांच्या लक्षात सगळ्यात उशिरा येतात. पालक सभेला मागे बसून सही करून निघू नका, प्रश्न १३ मधला पहिला प्रश्न उलटा विचारा: माझ्या मुलीचं एखादं उत्तर, एखादं चित्र, एखादी गोष्ट तुम्हाला आठवते का? शिक्षिका थांबली, आठवू लागली, तर तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा येते म्हणून सांगा. मधल्या दिवसांत ती त्या मुलीकडे बघतेच.